दोन केंद्रांच्या निकालातील फरक : एका सराव परीक्षेच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी

आमच्या तालुक्यातील गणित शिक्षकांच्या मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या सामाईक सराव परीक्षेचा निकाल आज माझ्याकडे आला. नऊ शाळांचे विद्यार्थी दोन केंद्रांवर बसले होते. प्रश्नपत्रिका एकच, ८० गुणांची होती आणि उत्तीर्ण होण्यासाठी २८ गुणांची अट होती. केंद्रांची नावे या नोंदींत मुद्दाम देत नाही. एकाला अ आणि दुसऱ्याला ब म्हणतो. अ केंद्रावर २१२ विद्यार्थी बसले आणि १६८ उत्तीर्ण झाले, म्हणजे ७९.२ टक्के. ब केंद्रावर १८७ बसले आणि १३० उत्तीर्ण झाले, म्हणजे ६९.५ टक्के. हा फरक खरा आहे की एवढा चढउतार होणारच, हे मंडळाला हवे आहे.

आकडेमोडीला हात घालण्याआधी छेद ठरवावा लागला. नोंदणी अ केंद्रावर २१९ आणि ब केंद्रावर २०८ विद्यार्थ्यांची होती. म्हणजे अ वर सात जण गैरहजर होते, तर ब वर एकवीस. गैरहजरांना अनुत्तीर्ण धरले तर निकाल ७६.७ आणि ६२.५ टक्के होतो आणि फरक ९.७ वरून १४.२ वर जातो. दोन्ही छेद चूक नाहीत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आपला प्रश्न पेपर सोडवलेल्या मुलांविषयी आहे, म्हणून बसलेल्यांचाच छेद धरायचा असे आज लिहून ठेवतो. उत्तर पाहून झाल्यावर छेद निवडला, तर पुढच्या सगळ्या गणिताला अर्थ राहत नाही.

एक शब्दही आजच पक्का करतो. ७९.२ आणि ६९.५ यांतील फरक ९.७ टक्केबिंदूंचा आहे. ‘अ चा निकाल ९.७ टक्क्यांनी जास्त’ असे लिहिले तर ते चूक ठरते, कारण ६९.५ च्या तुलनेत ७९.२ हा आकडा १४ टक्क्यांनी जास्त आहे.

२२ जानेवारी

आजच्या बैठकीत मी प्रत्येक केंद्राचा ९५ टक्के विश्वास अंतराल फळ्यावर काढून दाखवला, आणि तीच माझी चूक झाली. अ साठी ७३.८ ते ८४.७ आणि ब साठी ६२.९ ते ७६.१ असे दोन आडवे पट्टे आले. सचिवांनी लगेच बोट ठेवले, “सर, ७३.८ ते ७६.१ एवढा भाग दोन्हीकडे आहे की. पट्टे एकमेकांत शिरलेत, मग फरक आहे असे कसे म्हणायचे?” बहुतेकांनी माना डोलावल्या आणि विषय तिथेच मिटल्यासारखा झाला.

हा निष्कर्ष या पट्ट्यांवरून निघत नाही. दोन पट्टे एकमेकांना मुळीच शिवत नसतील, तर फरकाच्या अंतरालात शून्य येत नाही, हे बरोबर. पण पट्टे थोडे एकमेकांवर आले म्हणून फरक नाही असे उलट म्हणता येत नाही. बैठकीत मला हे धड समजावता आले नाही, म्हणून इथे नीट मांडून ठेवतो.

अ चा निकाल आपल्या मध्यापासून ५.४६ टक्केबिंदू इकडेतिकडे जाऊ शकतो, ब चा ६.६० इतका. पट्टे शिवतात का हे पाहताना आपण नकळत या दोन अंतरांची सरळ बेरीज करतो, म्हणजे १२.०६ धरतो. म्हणजे अ नेमका खालच्या टोकाला आणि ब त्याच वेळी वरच्या टोकाला, असा दुहेरी योग आपण गृहीत धरलेला असतो. दोन्ही केंद्रांचे चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर हा योग दुर्मीळ आहे. स्वतंत्र राशींच्या फरकात बेरीज होते ती चढउताराच्या वर्गांची. म्हणून ५.४६ आणि ६.६० या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मानायच्या आणि कर्ण काढायचा, तो ८.५६ येतो. दहावीच्या वर्गावर पायथागोरसचे प्रमेय शिकवणाऱ्या माणसांना कर्ण दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो हे सांगायला नको. आपला फरक ९.७ आहे, कर्णापेक्षा मोठा आणि बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान. पट्टे एकमेकांवर येऊनही फरक शून्यापासून वेगळा दिसण्याची जागा नेमकी हीच असते.

२४ जानेवारी

फरकाचा अंतराल आता थेट काढला. सूत्र पाठ्यपुस्तकातलेच आहे, आणि वाल्डच्या नावाने ओळखले जाते. त्यात p1 आणि p2 ही अ आणि ब ची उत्तीर्णांची प्रमाणे, तर n1 आणि n2 या बसलेल्यांच्या संख्या:

```
(p1 - p2) ± 1.96 * sqrt( p1*(1-p1)/n1 + p2*(1-p2)/n2 )
```

वर्गमुळातील पहिले पद ०.०००७७६ आणि दुसरे ०.००११३३ आले. बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे फरकाची प्रमाण त्रुटी, ०.०४३७ आली. तिला १.९६ ने गुणल्यावर तोच ८.५६ चा कर्ण मिळाला आणि अंतराल १.२ ते १८.३ टक्केबिंदू असा आला. त्यात शून्य नाही. पण खालचे टोक शून्याला जवळजवळ टेकलेले आहे, आणि ‘फरक आहे’ एवढ्या दोन शब्दांत ही गोष्ट हरवते. अंतराल सांगतो की फरक नगण्य असू शकतो, तसाच पाचात एका विद्यार्थ्याइतका मोठाही असू शकतो.

पडताळणीसाठी एका सहकारी शिक्षिकेला तेच आकडे संगणकावर घालायला सांगितले होते. त्यांचे उत्तर ०.७ ते १८.८ आले. अर्धा तास मी माझ्या वहीत चूक शोधत बसलो. शेवटी कारण त्यांच्या आज्ञेत सापडले: आर प्रणालीतील हे फलन सांगितले नाही तर स्वतःहून सातत्याची दुरुस्ती लावते, आणि दोन्ही टोके अर्ध्या टक्केबिंदूने बाहेर सरकतात. ती दुरुस्ती बंद केल्यावर आकडे जुळले.

```r
prop.test(c(168, 130), c(212, 187), correct = FALSE)
```

अहवालात कोणती पद्धत वापरली आणि दुरुस्ती लावली की नाही, हे लिहावेच लागेल. नाहीतर पुढच्या वर्षी हे काम हाती घेणारा असाच अर्धा तास घालवील.

‘९५ टक्के’ म्हणजे काय, हेही त्यांनी विचारले. खरा फरक या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे म्हणण्याचा मोह होतो, पण या पद्धतीची हमी पद्धतीपुरती आहे: अशा परीक्षा पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी असाच अंतराल काढला, तर शंभरातील सुमारे ९५ अंतराल खऱ्या फरकाला पोटात घेतील. हाती आलेला एक अंतराल त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

२८ जानेवारी

सचिवांनी सेमी इंग्रजीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा हिशेब मागितला. अ केंद्रावर असे १२ विद्यार्थी होते आणि बाराही उत्तीर्ण झाले. ब केंद्रावर १७ होते, त्यांतील १३ उत्तीर्ण झाले. फरक २३.५ टक्केबिंदू, आणि वाल्डच्या सूत्राने अंतराल ३.४ ते ४३.७. कागदावर हा निष्कर्ष सगळ्या विद्यार्थ्यांवरून काढलेल्या निष्कर्षापेक्षाही ठाम वाटतो, आणि म्हणूनच तो मला खटकला.

दोष वर्गमुळातील पहिल्या पदात आहे. अ साठी p1 एक आहे, म्हणून (1-p1) शून्य होते आणि ते सगळे पदच नाहीसे होते. सूत्राच्या दृष्टीने अ केंद्राच्या निकालात कसलीही अनिश्चितता नाही. बारापैकी बारा आले म्हणजे बाराशेपैकी बाराशे येणार. परीक्षा तपासलेला कोणताही माणूस हे मान्य करणार नाही. प्रमाण शून्याच्या किंवा एकाच्या जवळ असेल आणि विद्यार्थी थोडे असतील, तिथे वाल्डचा अंतराल नको तितका अरुंद होतो. संगणकाने अशा वेळी इशारा दिला होता, पण उत्तरही दिलेच, आणि घाईत वाचणारा उत्तरच उचलतो.

यावरचा उपाय विल्सन यांनी १९२७ मध्येच एका प्रमाणासाठी दिला होता. पाहिलेल्या प्रमाणाची प्रमाण त्रुटी काढण्याऐवजी ते उलट विचारतात: खरे प्रमाण किती असते तर आपल्याला दिसलेले प्रमाण त्याच्यापासून १.९६ प्रमाण त्रुटींच्या आत पडले असते? इथली त्रुटी त्या कल्पिलेल्या खऱ्या प्रमाणाची असते, त्यामुळे ती शून्य होऊन बसत नाही. सगळेच उत्तीर्ण असतील तर खालची मर्यादा तोंडी काढण्याइतकी सोपी आहे. १.९६ चा वर्ग ३.८४, १२ ला १५.८४ ने भागायचे; उत्तर ७५.८ टक्के. म्हणजे बारापैकी बारा पाहूनही खरे प्रमाण चारात तीन इतके असू शकते. ब साठी विल्सनचा अंतराल ५२.७ ते ९०.४ येतो.

हे दोन अंतराल जोडून फरकाचा अंतराल कसा काढायचा, हे न्यूकम यांनी १९९८ मध्ये अकरा पद्धतींची तुलना करताना दाखवले. त्यातही आपला काटकोन त्रिकोणच आहे, फक्त आता बाजू दोन्ही दिशांना सारख्या नाहीत. फरक कमीत कमी किती, हे शोधताना अ किती खाली जाऊ शकतो ती एक बाजू (१०० वरून ७५.८ पर्यंत, म्हणजे २४.२), आणि ब किती वर जाऊ शकतो ती दुसरी (७६.५ वरून ९०.४ पर्यंत, म्हणजे १४.०; हे आकडे पूर्णांकन करण्याआधी वजा केलेले आहेत). कर्ण २८.० येतो. २३.५ मधून तो वजा केला की खालची मर्यादा उणे ४.५ येते. वरच्या बाजूला अ ला जागाच नाही, म्हणून एकट्या ब ची बाजू उरते आणि वरची मर्यादा ४७.३ होते. अंतराल उणे ४.५ ते ४७.३. शून्य आत आले.

कोणावर विश्वास ठेवायचा, याची एक साधी कसोटी घेतली. एकूण २९ विद्यार्थ्यांत चार अनुत्तीर्ण आहेत. त्या चार चिठ्ठ्या २९ जणांत डोळे मिटून वाटल्या, तर चारही ब च्या १७ जणांकडे जाण्याची शक्यता २३८० भागिले २३७५१, म्हणजे १० टक्के आहे. दहात एकदा निव्वळ योगायोगाने होणाऱ्या गोष्टीवरून केंद्राला दोष देता येणार नाही. वाल्डचे ३.४ या कसोटीशी जुळत नाही, न्यूकमचे उणे ४.५ जुळते.

हातानेच करायचे असेल तर अग्रेस्टी आणि कॅफो यांची २००० सालची युक्ती याहून सोपी आहे: प्रत्येक केंद्रात एक काल्पनिक उत्तीर्ण आणि एक काल्पनिक अनुत्तीर्ण विद्यार्थी मिळवायचा, म्हणजे १४ पैकी १३ आणि १९ पैकी १४, आणि मग वाल्डचेच सूत्र वापरायचे. उत्तर उणे ४.८ ते ४३.१ आले. सगळ्या विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर न्यूकमची पद्धत लावून पाहिली तर १.२ ते १८.२ आले, वाल्डच्या उत्तरापासून ओळखू न येण्याइतके जवळ. दोनशेच्या आसपास विद्यार्थी आणि मधले प्रमाण असेल तर सूत्रांचा हा वाद मिटतो. मला वाटले, काम संपले.

२ फेब्रुवारी

संपलेले नाही. सेमी इंग्रजीचे कागद परत बांधून ठेवताना बैठक क्रमांकांकडे लक्ष गेले. अ चे बाराही क्रमांक सलग होते, म्हणजे ते एकाच शाळेचे विद्यार्थी, बहुधा एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकलेले. ब चे सतराही एका शाळेचे. म्हणजे आठवडाभर मी ज्याला केंद्रांची तुलना म्हणत होतो, ती दोन वर्गांची तुलना होती.

मग संपूर्ण निकाल शाळावार मांडला. ‘अपेक्षित’ म्हणजे त्या शाळेचा निकाल आपल्या केंद्राच्या सरासरीइतका असता तर किती उत्तीर्ण झाले असते.

| शाळा | बसले | उत्तीर्ण | अपेक्षित | फरक |
|---|---|---|---|---|
| अ१ | ५२ | ४७ | ४१.२ | ५.८ |
| अ२ | ४६ | ३१ | ३६.५ | −५.५ |
| अ३ | ४० | ३५ | ३१.७ | ३.३ |
| अ४ | ३८ | २६ | ३०.१ | −४.१ |
| अ५ | ३६ | २९ | २८.५ | ०.५ |
| ब१ | ५५ | ३१ | ३८.२ | −७.२ |
| ब२ | ४८ | ४० | ३३.४ | ६.६ |
| ब३ | ४४ | २७ | ३०.६ | −३.६ |
| ब४ | ४० | ३२ | २७.८ | ४.२ |

अ१ चा निकाल ९० टक्के आणि त्याच केंद्रावरील अ२ चा ६७ टक्के. ब१ चा ५६ आणि ब२ चा ८३. एकाच छताखाली, एकाच पर्यवेक्षणात बसलेल्या शाळांमध्ये जेवढे अंतर आहे, त्याच्यापुढे केंद्रांमधले ९.७ लहान वाटते. आतापर्यंतच्या प्रत्येक सूत्राने धरून चालले होते की प्रत्येक विद्यार्थ्याचा निकाल दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. एका वर्गात त्रिकोणमिती शिकवून व्हायची राहिली असेल, तर त्या वर्गातील चाळीस मुले एकदमच अडतात. ती चाळीस स्वतंत्र साक्षी नसतात.

६ फेब्रुवारी

आज शाळा हेच एकक धरून प्रमाण त्रुटी पुन्हा काढली. रीत अवघड नाही. तक्त्यातील शेवटच्या रकान्याचे वर्ग करून बेरीज घ्यायची, शाळांच्या संख्येला एक कमी शाळांनी भागून येणाऱ्या गुणोत्तराने ती गुणायची, आणि केंद्रातील एकूण विद्यार्थ्यांच्या वर्गाने भागायचे. अ साठी बेरीज ९१.३, गुणोत्तर ५/४, भाजक २१२ चा वर्ग, उत्तर ०.००२५४. ब साठी बेरीज १२६.८, गुणोत्तर ४/३, भाजक १८७ चा वर्ग, उत्तर ०.००४८३.

जुन्या पदांशी तुलना केली तर अ चे पद ३.३ पट आणि ब चे ४.३ पट झाले आहे. याचा सरळ अर्थ असा की अ च्या २१२ विद्यार्थ्यांकडून आपल्याला मिळालेली माहिती साधारण ६५ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी आहे आणि ब च्या १८७ जणांकडून सुमारे ४४ जणांइतकी. फरकाची प्रमाण त्रुटी ०.०४३७ वरून ०.०८५९ वर गेली, जवळजवळ दुप्पट. त्यात आणखी एक गोष्ट येते: नऊच शाळांवरून काढलेली त्रुटी स्वतःच डळमळीत असते, म्हणून १.९६ ऐवजी टी सारणीतील सात स्वातंत्र्यमात्रांचा आकडा २.३६५ घ्यावा लागतो. नवा अंतराल उणे १०.६ ते ३०.० टक्केबिंदू असा आला. मधला आकडा अजूनही ९.७ च आहे. बदलला आहे तो आपण किती ठामपणे बोलू शकतो तो भाग.

हा अंतरालही मी दगडावरची रेघ मानत नाही. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला पाच गट असताना कोणतीही रीत अंदाजाचीच असते. म्हणून खात्रीसाठी एक उघडा हिशेब केला: ब१ ही एकच शाळा बाजूला ठेवली तर ब चा निकाल १३२ पैकी ९९, म्हणजे ७५ टक्के होतो आणि फरक ४.२ टक्केबिंदूंवर येतो. एक शाळा काढल्यावर निम्म्याहून अधिक फरक जात असेल, तर तो फरक केंद्राचा म्हणणे धाडसाचे आहे.

१० फेब्रुवारी

अहवालाचे वाक्य असे ठरले: “बसलेल्या विद्यार्थ्यांत अ केंद्राचा निकाल ब पेक्षा ९.७ टक्केबिंदूंनी जास्त आहे. शाळांमधील फरक लक्षात घेता ९५ टक्के विश्वास अंतराल उणे १०.६ ते ३०.० आहे, म्हणून केवळ या परीक्षेवरून केंद्रांत फरक आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही.” सचिवांना शेवटचा अर्धा भाग नको होता. “फरक सिद्ध झाला नाही एवढे पुरे की,” असे ते म्हणाले. मी तो ठेवायला लावला, कारण तीस टक्केबिंदूंपर्यंत जाणारा अंतराल हाती असताना दोन्ही केंद्रे सारखी आहेत असे कोणी वाचले, तर तीही चूकच होईल. सेमी इंग्रजीची तुलना अहवालातून काढली. एका बाजूला एकच शाळा असेल तर शाळाशाळांतील चढउतार मोजायला तिथे काहीच नसते.

विद्यार्थी वाढवून हा अंतराल फारसा अरुंद होणार नाही, शाळा वाढवाव्या लागतील. आणि तालुक्यात तेवढ्या शाळा नाहीत. दुसरा मार्ग वाटणीचा आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक शाळेचे निम्मे विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून अ वर आणि निम्मे ब वर पाठवले, तर प्रत्येक शाळेची तुलना तिच्याशीच होईल आणि शाळांमधले हे मोठे अंतर वजाबाकीतच निघून जाईल. आज नऊ मुख्याध्यापकांना तसे विचारले. सात जण तयार आहेत. दोघांनी नकार दिला, कारण त्यांच्या गावाहून ब कडे सकाळी अकराच्या आत पोहोचणारी एसटी नाही.